इन्सर्शन सॉर्ट आणि हातातले पत्ते

"इन्सर्शन सॉर्ट म्हणजे पत्ते लावण्यासारखंच, असं सगळे म्हणतात. पण नेमकं कसं? मला प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही."

इन्सर्शन सॉर्ट ही कॉम्प्युटरकडून यादी क्रमाने लावून घ्यायची एक पद्धत. पाच पानं घ्या, पण हातात धरू नका. टेबलावर एका ओळीत मांडा. हातात असताना नजर जागा पटकन हेरते आणि बोटं फट करून पान खोचतात, त्यामुळे मधलं काम दिसतच नाही. कॉम्प्युटर एका वेळी दोनच पानं ताडून बघतो, आणि मधे पान घालायचं तर त्याला आधी जागा रिकामी करावी लागते.

ओळ अशी लावा: सत्ती, तिर्री, दश्शी, इस्पिकची पंजी, बदामची पंजी. लहान पान डावीकडे यायला हवं.

सत्ती एकटीच आहे, म्हणजे तेवढा भाग लागलेलाच. आता तिर्री उचला. तिच्या जागी खड्डा पडला. डावीकडची सत्ती मोठी, म्हणून ती खड्ड्यात सरकवा. आणखी डावीकडे कोणी नाही, तेव्हा मोकळ्या जागेत तिर्री ठेवा.

दश्शी उचला. शेजारची सत्ती लहान आहे, म्हणून दश्शी होती तिथेच परत. तिर्रीशी ताडायचं कारणच नाही, कारण डावा भाग आधीच लागलेला असतो. सत्तीच्या पलीकडे सत्तीपेक्षा मोठं पान असूच शकत नाही. मला विचाराल तर या पद्धतीची सगळी गंमत इथेच आहे.

आता इस्पिकची पंजी उचला. दश्शी मोठी, एक घर उजवीकडे. सत्ती मोठी, तीही एक घर उजवीकडे. तिर्री लहान, थांबा. पंजी खड्ड्यात ठेवा: तिर्री, पंजी, सत्ती, दश्शी.

उरली बदामची पंजी. दश्शी सरकली, सत्ती सरकली, पुढे इस्पिकची पंजी. ती मोठी नाही, बरोबरीची आहे. इथेच थांबायचं. "मोठं असेल तरच सरकव" असा नियम ठेवला की सारख्या पानांचा मूळ क्रम टिकतो. "मोठं किंवा सारखं" असा नियम केला, तर आकडे बरोबर लागतात, पण बदाम इस्पिकच्या पुढे जाऊन बसतं. म्हणून तपासायला एकाच आकड्याची दोन पानं मुद्दाम ठेवायची. नवशिक्यांची दुसरी हमखास चूक म्हणजे पान बाजूला न उचलताच शेजारचं त्याच्यावर सरकवणं. कॉम्प्युटरमध्ये सरकवणं म्हणजे शेजारच्या जागेत नक्कल करणं, म्हणून मग एक पान दोनदा दिसतं आणि एक गायब होतं. तसं झालं की चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

आपण एकूण 8 वेळा ताडलं. रमीची 13 पानं आधीच लागलेली असतील तर 12 वेळा ताडून काम भागतं. अगदी उलटी असतील तर 78 वेळा. उलट्या लावलेल्या 1000 आकड्यांसाठी मात्र हेच 4,99,500 होतं, म्हणून मोठ्या यादीला दुसऱ्या पद्धती वापरतात.