सुट्ट्यांच्या यादीचा महिनावार तक्ता : तारखा उलटतात कशा आणि ओळखाव्यात कशा

प्रश्न : राज्य शासनाच्या २०२५ च्या सुट्ट्यांची यादी मेसेजमधून कॉपी करून एक्सेलमध्ये टाकली. काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसतात आणि ईद-ए-मिलाद चक्क मे महिन्यात गेली आहे. सोसायटीच्या सूचनाफलकासाठी तारीख, वार, प्रसंग असा महिनावार तक्ता नीट कसा करावा?

उत्तर : आपल्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी पद्धतीची असावी, असे लक्षणांवरून दिसते. त्या पद्धतीत आधी महिना आणि मग दिवस वाचला जातो. त्यामुळे `5/9/2025` ही नोंद ५ सप्टेंबर न राहता ९ मे होते, तर `15/8/2025` मध्ये पंधरावा महिना सापडत नाही म्हणून एक्सेल ती नोंद नुसता मजकूर समजून डावीकडे ठेवून देतो. पाहणाऱ्याला साहजिकच डावीकडच्या नोंदी बिघडलेल्या वाटतात, परंतु वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. डावीकडच्या नोंदी अजून जशाच्या तशा आहेत आणि उजवीकडे गेलेल्या, तारखेसारख्या दिसणाऱ्या नोंदी बदलून गेल्या आहेत. २०२५ च्या मुख्य यादीतील २४ नोंदींपैकी १० नोंदींत दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी आहे, आणि आपल्याकडे त्या दहाच्या दहा चुकीच्या महिन्यात गेल्या असतील.

यावर उपाय म्हणून आहे त्या रकान्याचे फॉरमॅट बदलू नका. एकदा ९ मे म्हणून साठवलेली तारीख फॉरमॅट बदलल्याने ५ सप्टेंबर होत नाही. ती फक्त वेगळ्या रूपात ९ मेच दाखवत राहते. पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा तक्ता मी दर वर्षी करतो, आणि त्यासाठी मेसेजमधून फिरणारी नक्कल न घेता शासनाची मूळ अधिसूचना समोर ठेवतो. तीत महिना अक्षरी लिहिलेला असतो, शिवाय वार आणि भारतीय सौर दिनांकही दिलेला असतो. हे तीनही आपल्याला तपासणीसाठी लागणार आहेत, म्हणून त्यांपैकी काहीही गाळू नका.

नव्या शीटमध्ये दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने करून (A, B, C) त्यांत साधे आकडे भरावेत. आकडे इंग्रजी अंकांतच भरावेत, कारण देवनागरी अंक कॉपी होऊन आले तर ते बहुधा मजकूर म्हणूनच राहतात आणि पुढचे गणित अडते. छापील तक्त्यात देवनागरी अंक हवे असतील, तर ते अगदी शेवटी करता येतात. चौथ्या रकान्यात (D) तारीख आपण टाइप करायची नाही, ती सूत्राने बनवायची :

```
=DATE(C2,B2,A2)
```

या सूत्रात वर्ष, महिना आणि दिवस यांची जागा ठरलेली असल्यामुळे संगणकाची सेटिंग कोणत्याही देशाची असली तरी उत्तर तेच येते. वारही हाताने लिहू नये. E मध्ये तो तारखेवरून काढावा :

```
=CHOOSE(WEEKDAY(D2),"रविवार","सोमवार","मंगळवार","बुधवार","गुरुवार","शुक्रवार","शनिवार")
```

अधिसूचनेतील वार मात्र पाहून F मध्ये वेगळा लिहावा, G मध्ये प्रसंग लिहावा आणि I मध्ये एक तात्पुरता रकाना ठेवून `=IF(E2=F2,"","पाहा")` असे सूत्र द्यावे. एकच गोष्ट दोन वाटांनी येऊन जुळली, तरच तारीख बरोबर भरली गेली असे मानता येते. दिवस किंवा महिना भरताना हात चुकला, तर बहुतेक वेळा इथेच कळते.

‘बहुतेक वेळा’ असे मी मुद्दाम म्हटले आहे, कारण आपल्याच यादीत या तपासणीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. २०२५ मध्ये बकरी ईद ७ जून, शनिवार या दिवशी होती आणि मोहरम ६ जुलै, रविवार या दिवशी. दिवस-महिना उलटला की `7/6` चे ६ जुलै होते आणि `6/7` चे ७ जून, म्हणजे दोन्ही सण एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. या दोन नोंदींपुरते पाहिले तर जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांत एकेक सुट्टी दिसते, तारखाही त्याच दिसतात, आणि नुसती मोजणी करणाऱ्याला काहीच संशय येत नाही. वाराची तपासणी मात्र लगेच बोट दाखवते, कारण बकरी ईदपुढे यादीत शनिवार आहे आणि गणिताने रविवार येतो.

ईद-ए-मिलादच्या बाबतीत याच्या उलट घडते. ५ सप्टेंबर २०२५ रोजी शुक्रवार होता आणि ९ मे २०२५ रोजीही शुक्रवारच होता. हा त्या वर्षापुरता योगायोग नाही. या दोन तारखांमध्ये ११९ दिवसांचे, म्हणजे बरोबर १७ आठवड्यांचे अंतर आहे आणि दोन्ही फेब्रुवारीनंतरच्या असल्यामुळे लीप वर्षातही ते बदलत नाही. ७ नोव्हेंबर आणि ११ जुलै ही जोडीही तशीच आहे. त्यामुळे वार जुळूनही ही चूक तशीच राहते. ती पकडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे महिन्यांवरून नजर फिरवणे. २०२५ च्या यादीत बाराही महिन्यांत किमान एक सुट्टी आहे, तेव्हा सप्टेंबर रिकामा दिसला की थांबावे. दुसरा आणि अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे सौर दिनांक. ५ सप्टेंबर म्हणजे १४ भाद्र १९४७, तर ९ मे म्हणजे १९ वैशाख १९४७. हा रकाना निरुपयोगी समजून अनेकजण सर्वांत आधी काढून टाकतात, पण जिथे वार काही सांगू शकत नाही तिथे हाच रकाना निर्णय देतो. तो कच्च्या शीटमध्ये राहू द्यावा, फलकावरच्या तक्त्यात नसला तरी चालेल.

आता मुख्य तक्ता. ‘प्रसंग’ एका ओळीत एकच ठेवला तर तक्त्यात एकच तारीख दोनदा येते, आणि तारखेवरून प्रसंग शोधणारे `VLOOKUP` वापरले तर दोनपैकी फक्त पहिला प्रसंग दिसतो, दुसरा काहीही न सांगता गळतो. २०२५ मध्ये असे दोन दिवस होते. १५ ऑगस्टला स्वातंत्र्य दिन आणि पारशी नववर्ष, तर २ ऑक्टोबरला महात्मा गांधी जयंती आणि दसरा. म्हणून २४ नोंदींच्या तारखा २२ च भरतात. कच्ची यादी २ ते २५ या ओळींत आहे असे धरून, J2 मध्ये वेगवेगळ्या तारखा क्रमाने काढाव्यात आणि L2 मध्ये त्या तारखेचे सर्व प्रसंग एकत्र आणावेत. मधल्या K मध्ये वाराचे वर दिलेले सूत्रच J2 साठी लिहावे.

```
J2:  =SORT(UNIQUE(D2:D25))
L2:  =TEXTJOIN("; ",TRUE,FILTER($G$2:$G$25,$D$2:$D$25=J2))
```

K आणि L ची सूत्रे खालपर्यंत ओढावीत. ही सूत्रे गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलच्या २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत चालतात. एक्सेल जुने असेल तर एकाच तारखेच्या ओळी हाताने एकत्र कराव्यात, त्यासाठी वेगळी खटपट करण्याची गरज नाही. महिन्याचे शीर्षक द्यायचे ते या क्रमाने लागलेल्या तारखांवरून द्यावे. महिन्याच्या नावाचा मजकूर करून त्यावर क्रम लावला, तर नावे अक्षरक्रमाने लागतात आणि जानेवारी एप्रिलच्या खाली जातो.

दोन महिन्यांपुरता तयार तक्ता असा दिसतो :

| महिना | तारीख | वार | प्रसंग |
|---|---|---|---|
| ऑगस्ट २०२५ | १५ | शुक्रवार | स्वातंत्र्य दिन; पारशी नववर्ष (शहेनशाही) |
| | २७ | बुधवार | गणेश चतुर्थी |
| सप्टेंबर २०२५ | ५ | शुक्रवार | ईद-ए-मिलाद |

रविवारी आलेल्या सुट्ट्या वगळू नयेत, असे माझे मत आहे. २०२५ मध्ये प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चारही रविवारी होते. ते गाळले तर फलक वाचणाऱ्याला यादी अपुरी वाटते आणि त्याबद्दल विचारणा सुरू होते. वाराचा रकाना समोर असताना ती सुट्टी रविवारीच आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

सण आणि सुट्टी यांची सरमिसळ मात्र टाळावी. पुण्यात गणेशोत्सवाच्या तक्त्यात लोक विसर्जनाची तारीख हमखास शोधतात, आणि २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी होती. पण मुख्य यादीत फक्त गणेश चतुर्थी आहे. उत्सव ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपतो, तेव्हा ‘२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर’ अशी एकच नोंद करू नये, कारण ती तारीख राहत नाही आणि क्रमही लागत नाही. आरंभाची आणि समाप्तीची अशा दोन नोंदी कराव्यात आणि H मध्ये ‘कोणास लागू’ असा रकाना ठेवून समाप्तीच्या नोंदीपुढे ‘सण, सुट्टी नाही’ असे लिहावे. हाच रकाना आणखी दोन ठिकाणी उपयोगी पडतो. १ एप्रिलची सुट्टी केवळ बँकांना वार्षिक लेख्यांसाठी असते, आणि २३ ऑक्टोबर २०२५ ची भाऊबीजेची अतिरिक्त सुट्टी राज्य शासनाच्या कार्यालयांना होती. आपल्या सोसायटीत बँकेत काम करणारे आणि शासकीय सेवेतील असे दोन्ही प्रकारचे रहिवासी असतील, तर हा रकाना फलकावरही छापावा. या जादा नोंदी भरल्यावर सूत्रांतील २५ हा आकडा शेवटच्या ओळीच्या क्रमांकाप्रमाणे वाढवायला विसरू नये, अन्यथा त्या मुख्य तक्त्यात येणारच नाहीत.

शेवटचा मुद्दा चंद्रदर्शनावर आणि स्थानिक निर्णयांवर अवलंबून असणाऱ्या सुट्ट्यांचा आहे. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी ५ ऐवजी ८ सप्टेंबरला, सोमवारी करण्यात आली. पुण्यासह उर्वरित जिल्ह्यांत ती ५ सप्टेंबरलाच राहिली. हा निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला, म्हणजे जानेवारीत लावलेल्या कोणत्याही तक्त्यात तो असू शकत नव्हता. अशा वेळी मेसेजमध्ये मुंबईची दुरुस्ती पुण्यातही फिरते आणि कोणीतरी ती फलकावर पेनाने करून टाकतो. दुरुस्ती करण्यापूर्वी ती कोणत्या जिल्ह्यासाठी आहे हे पाहावे. ती पुण्याला लागू असेल, तरच कच्च्या शीटमधला दिवस बदलावा, नवा वार जाहीर झालेल्या वाराशी पुन्हा जुळवावा आणि तक्ता नव्याने छापून त्याखाली छपाईची तारीख घालावी.