अर्धवट जॉबची किंमत ३१ मार्चला कशी लावायची?

प्रश्न: सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे. ३१ मार्चला जॉब अर्धवटच असतात. ईआरपीत त्यांची किंमत किती धरायची?

उत्तर: सूत आणि प्रक्रिया-खर्च यांची टक्केवारी वेगळी धरा. सूत बहुधा सुरुवातीलाच मागावर जातं, म्हणून ते १०० टक्के. मजुरी, वीज, रंगाई मात्र झाली तेवढीच.

समजा २,००० टॉवेलचा जॉब आहे. नगामागे सूत ८० रुपये, प्रक्रिया ३० रुपये. १,२०० नग तयार मालात जमा झाले. उरलेले ८०० विणून झालेत, रंगाई-शिलाई बाकी आहे आणि विणाई म्हणजे प्रक्रिया-खर्चाचा निम्मा भाग.

सूत: ८०० × ८० = ६४,०००
प्रक्रिया: ८०० × ३० × ५०% = १२,०००
एकूण: ७६,००० रुपये

नेहमीची चूक म्हणजे सगळ्याच खर्चाला ५० टक्के लावणं. मग ४४,०००च येतात आणि नफा ३२,००० ने कमी दिसतो.

आता हा आकडा जॉबच्या खात्यातल्या शिल्लक रकमेशी ताडून पाहा. तिथे फक्त ६४,००० दिसले, तर विणाईची नोंद राहिली आहे. शेवटच्या पाळीची कार्डं आधी चढवा. फक्त १२,००० दिसले, तर तुमच्याकडे बॅकफ्लश चालू असणार: तयार माल जमा होईपर्यंत सूत गोदामाच्याच खात्यात राहतं. मोजणीत ते कमी भरतं आणि कुणीतरी तूट म्हणून खर्ची टाकतं. तसं करू नका. मोजणीआधीच ते सूत हाताने जॉबवर इश्यू करा.