काकांना एकदाच भेटले होते, आता समाचाराला जाऊन बोलू काय?

प्रश्न मेलबर्नहून सुट्टीवर आलेल्या एका सुनेचा आहे. मालवणजवळच्या गावी सासरी तीन आठवड्यांसाठी आलेत आणि आल्या आल्या नवऱ्याचे चुलत काका गेले, वय ८४. ती लिहिते, "लग्नात एकदाच नमस्कार केला होता त्यांना, चेहराही नीट आठवत नाही. सासूबाई म्हणतात उद्या समाचाराला जायचंय, मग दहावा. काकींसमोर बसून मी काय बोलू? खोटं बोलायचं नाहीये आणि गप्प बसले तर बाहेरची वाटेन."

ताई, काकांबद्दल काही बोलायचंच नाहीये तुला. तू जातेयस काकींसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी, आणि ते सगळे तुझ्यासमोर बसलेले असणार. माझे बाबा गेले तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी एक माणूस आला, आम्ही कोणीच ओळखत नव्हतो, चपला खळ्यात काढून पडवीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बाबांची माझी तशी वळख नाय. तुमचो भाव माझ्या दुकानात येता, म्हणान इलंय." एवढंच बोलला. अर्धा तास बसला, मग खुर्च्या कमी पडतायत दिसल्यावर शेजारच्या घरातनं चार खुर्च्या आणून लावल्या आणि गेला. बाबांना देवमाणूस म्हणणारे पन्नासजण येऊन गेले असतील, त्यातले मला फार थोडे आठवतात पण ह्या माणसाचा ओला शर्टसुद्धा आठवतो, पावसातनं आला होता.

तर पहिलं वाक्य म्हणजे आपण कोण हे सांगणं. काकींना दिवसभरात शंभर चेहरे दिसतायत, रडून डोळे सुजलेत, त्यात तू आठ वर्षांनी दिसतेयस. त्या "कोणाची गो तू?" विचारतील त्याआधीच जवळ जाऊन बसायचं, खाली, त्यांच्या उंचीला, आणि सांगायचं, "काकी, मी खालच्या घरातली धाकटी सून. मंगळवारी रात्री कळलं तेव्हापासून तुमचीच आठवण येत होती." हे खरं आहे ना, मग झालं. हात हातात घेता आला तर घे. पाया मात्र पडू नकोस, सुतकात नमस्कार करत नाहीत, आणि आपल्याला परदेशात राहून घरात शिरल्या शिरल्या वाकायची सवय जास्तच लागलेली असते.

"सॉरी" म्हणू नकोस. तिकडे दहा वर्षं राहिलं की ते तोंडात आपोआप येतं, पण आपल्याकडे सॉरी म्हणजे माफी, आणि समोरची म्हातारी बाई गोंधळते की हिने काय केलं. तसंच "भावपूर्ण श्रद्धांजली", "मृतात्म्यास शांती लाभो", "आपल्या दुःखात सहभागी आहोत" ही सगळी फलकावरची आणि व्हॉट्सअ‍ॅपची भाषा, समोरासमोर बसून कोणी बोलत नाही, बोललं तर पाठ केल्यासारखं वाटतं.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती "सुटले" ह्या शब्दाची. काका वर्षभर अंथरुणाला होते असं तूच लिहिलंयस, त्यामुळे खोलीतल्या चारजणी म्हणणारच, सुटले बिचारे, वय झालं होतं, सोनं झालं. हा शब्द घरच्यांचा आहे. ज्या सुनेने वर्षभर कूस बदलून दिली, भरवलं, तिने म्हटलं तर त्यात तिचं सगळं वर्ष आलं, पण तू म्हटलंस तर एवढंच ऐकू येतं की बरं झालं गेले. काकींनी स्वतः म्हटलं तर नुसती मान हलव आणि म्हण, "तुम्ही फार केलंत त्यांचं." हे वाक्य मात्र जरूर बोल, कारण ते जिवंत माणसाबद्दल आहे आणि ते खरं आहे हे गावाला माहितीये.

"काय झालं होतं नक्की?" हे विचारायचं की नाही यावर माझं मत असं, की काकींना विचारू नकोस. ती हकिगत, रात्री किती वाजता, शेवटचं पाणी कोणी पाजलं, मुंबईची लेक पोचली की नाही, त्यांनी आधीच खूपदा सांगितलेली असते, ते सगळं घरून निघायच्या आधी सासूबाईंना विचारून घे. पण त्या आपणहून सांगायला लागल्या तर पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐक, मध्ये आपल्या आजोबांचं नको काढू. आणि तुला काही विचारावंसं वाटलंच तर काकांच्या जगण्यातलं विचार, म्हणजे "ही कलमं काकांनी लावलेली का?" असं. दारातनं दिसतं तेच विचारायचं. त्यावर काकी कदाचित दहा मिनिटं बोलतील, कुठल्या साली, रोपं कुठून आणली, पाणी कसं घातलं डोक्यावरून, आणि तू ओळखत नव्हतीस ते काका तुला तिथे बसून थोडे कळतील. अपघाताने किंवा तरुण माणूस गेलं असेल तर मात्र हेही नको, तिथे नुसतं बसायचं.

"काही लागलं तर सांगा" हे पण टाळ, पंधरा दिवसांनी तू विमानात असणार हे त्यांना माहितीये. त्यापेक्षा "उद्या आमची गाडी मालवणला जातेय, बाराव्याच्या सामानाची यादी द्या, घेऊन येतो" हे मुलाला किंवा मोठ्या सुनेला सांग, काकींना नको.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत वेळ लागला की घरचे एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतात, आईची काळजी करू नका, अमुकचं लग्न आम्ही करू. तिथे तू मागे उभी राहा, आणि तुझ्या मुलांना मोबाईल वर करू देऊ नकोस. तो फार खासगी क्षण असतो, सगळ्या गावासमोर घडत असला तरी. शेवटी शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करतात, तेव्हाही काही बोलायचं नाही, "काहीतरी इच्छा राहिली असेल" वगैरे तर अजिबात नाही, ते वाक्य मुलाला वर्षानुवर्षं छळतं.

चहापाण्याचं घराघरात वेगळं असतं, सासूबाई करतील तसं कर.

निघताना "येते हं" म्हणायचं नसतं हे विसरू नकोस. अशा प्रसंगाने परत यायला लागू नये म्हणून, तेही "या" म्हणत नाहीत. नुसतं उठायचं, हात एकदा दाबायचा, फार तर "निघते काकी". जिभेवर सवयीने आलंच चुकून तर तिथे सारवासारव करत बसू नकोस, कोणी मनावर घेत नाही.

आणि मेलबर्नला पोचल्यावर महिन्याभराने एक फोन कर. बाराव्या-तेराव्यानंतर चाकरमानी मुंबईला परततात, घर एकदम रिकामं होतं, काकी आणि फार तर एक सून. आपली संध्याकाळ म्हणजे गावी दुपार, जेवणं झालेली असतात. "काकी, खालच्या घरातली धाकटी बोलतेय, जेवलात? कलमांना मोहर आला का?" एवढं पुरे आहे, पुढचं त्या बोलतील.