वादळ ओसरलं की उघडीप पडली?

प्रश्न: "चक्रीवादळाचा डोळा शहरावर आला आणि वादळ ओसरलं" असं वाक्य वाचलं, यात 'ओसरलं' बरोबर आहे का? आणि आयवॉल, रेनबँड यांना मराठीत काय म्हणायचं?

'ओसरलं' चूक आहे, आणि नुसती व्याकरणाची चूक असती तर सोडून दिलं असतं. पूर ओसरतो, ताप ओसरतो, म्हणजे हळूहळू कमी होतो आणि जातो. डोळा डोक्यावर आला की यातलं काहीच होत नाही.

बाहेरून आत येताना आधी पावसाचे पट्टे लागतात (रेनबँडला हाच शब्द मला बरा वाटतो), एक सर झोडपून जाते, मग जरा थांबतं, मग पुढची सर. त्यानंतर डोळ्याची भिंत, म्हणजे उंचच उंच ढगांचं कडं, सगळ्यात जोराचा वारा इथंच. हवा मध्याकडे धावते पण जवळ जाईल तसा तिचा गिरकीचा वेग एवढा वाढतो की ती पार मध्यापर्यंत पोचतच नाही, भिंतीतूनच वर चढते. आतल्या पोकळीत वरून थोडी हवा खाली उतरते, उतरताना तापते, ढग विरतात, कधीकधी चक्क ऊन पडतं. हा डोळा, साधारण 30 ते 65 किलोमीटर रुंद.

आता हिशोब करा. डोळा 40 किलोमीटरचा आणि वादळ ताशी 20 किलोमीटरने सरकतंय, तर बरोबर मध्य तुमच्यावरून गेला तरी शांतता दोन तास, डोळ्याची नुसती कड गेली तर त्याहून बरीच कमी. मग भिंतीची पलीकडची बाजू येते आणि वारा उलट्या दिशेने. उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे जाणारं वादळ असेल तर आधी उत्तरेकडून झोडपतं, मग दक्षिणेकडून, म्हणजे एका बाजूने खिळखिळी झालेली छपरं, झाडं दुसऱ्या बाजूने ढकलली जातात. 1926 च्या सप्टेंबरमध्ये मायामीत हेच झालं, डोळा साधारण अर्धा तासच होता, लोकांना वाटलं संपलं, ते बाहेर पडले, आणि दुसऱ्या फेरीत कित्येक जण सापडले.

ओळखायचं कसं? खरंच ओसरत असेल तर वारा टप्प्याटप्प्याने पडतो आणि वायुभारमापक चढायला लागतो. डोळ्यात मात्र वारा काही मिनिटांत एकदम पडतो आणि हवेचा दाब तळालाच असतो.

म्हणून माझं मत 'उघडीप'ला. पावसात उघडीप पडली म्हटलं की पाऊस परत येणार हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. तुमचं वाक्य "डोळा शहरावर आला आणि उघडीप पडली" असं करा. आयवॉलला 'नेत्रभित्ती' वगैरे नको, 'डोळ्याची भिंत' पुरे.