आठ पिनांचा स्प्लिटर आणि काचेला टेकणारा अडॅप्टर

प्रश्न: मालवणला असतो. एडिटिंगसाठी आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड घेतलं, त्यासोबत तीन शेपट्यांचा अडॅप्टर आला. माझ्या ७५० वॅटच्या एसएमपीएसला कार्डासाठी दोनच केबल आहेत, पण प्रत्येकीला पुढे दोन-दोन टोकं आहेत. दुकानदार म्हणतो स्प्लिटर लाव. शिवाय कॅबिनेटची काच लावली की अडॅप्टर दाबला जातो. काय करू?

उत्तर:

स्प्लिटर घेऊ नका. आहे त्या दोन केबलींवर हे कार्ड नीट चालेल. पहिल्या केबलचं एक टोक एका शेपटीला लावा आणि दुसऱ्या केबलची दोन्ही टोकं उरलेल्या दोन शेपट्यांना. पहिलीचं एक टोक मोकळं राहील, ते मागे बांधून टाका. मात्र दोन्ही केबल एसएमपीएसच्या वेगवेगळ्या सॉकेटमधून निघाल्या पाहिजेत.

यामागचा हिशेब साधा आहे. आठ पिनांच्या कनेक्टरला १५० वॅट ठरवून दिलेले आहेत आणि त्यातल्या फक्त तीन तारा १२ व्होल्ट नेतात. १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, एका तारेच्या वाट्याला सव्वाचारच्या आसपास. साधी पिन सात-आठ अँपिअर झेलते, म्हणजे जवळपास दुपटीची सवड असते. तुमचं कार्ड ३०० वॅटचं आहे. थोडी वीज ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनही घेतं, पण सगळी केबलमधूनच येते असं धरून चालणं सुरक्षित. तीन शेपट्यांत भार सारखा वाटला गेला तर दोन टोकांच्या केबलवर २०० वॅट येतात, म्हणजे तारेमागे साडेपाच अँपिअर. हे चालण्यासारखं आहे.

आता एकाच केबलला स्प्लिटर लावून सगळ्या शेपट्या त्यावर टाकल्या तर काय होतं बघा. २५ अँपिअर तीन तारांत, म्हणजे प्रत्येकी ८.३. सवड संपली. त्यातून स्प्लिटरमुळे मध्ये आणखी एक जोड वाढतो, आणि जळतो तो जोडच, तार सहसा नाही. शेपट्या भरल्या की कार्डाला वाटतं वेगवेगळ्या केबल आल्यात. त्या मागे एकाच प्लगमध्ये जातात हे कळायचा त्याला मार्ग नाही, त्यामुळे ते हवी तेवढी वीज ओढत राहतं.

रत्नागिरीत माझ्याकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एकाचं मशीन आलं होतं. रेंडर सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी आणि कार्डाचे पंखे फुल स्पीडने. कार्ड गेलं असं समजून त्याने आणलं होतं. कार्ड ठणठणीत होतं. स्प्लिटरचा प्लग ओढला तर सहज निघेना. काढून बघितलं तर १२ व्होल्टच्या तीन भोकांपैकी मधल्याचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आणि आतली पिन सैल पडून काळवंडलेली. बाकीची दोन भोकं नव्यासारखी. वरून बघताना यातलं काहीही दिसत नव्हतं.

केबल कमी पडली म्हणून दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल मात्र उचलून लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. प्लग बसतो आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात.

आता काचेचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला जास्त गंभीर भाग हाच आहे.

अडॅप्टरचा कार्डाकडचा कनेक्टर सोळा पिनांचा असतो: मोठ्या बारा, आणि वर चार बारीक खुणेच्या. मोठ्या बारातल्या सहा पिना १२ व्होल्टच्या, एका ओळीत, ३ मिलिमीटर अंतराने. एका पिनेची मर्यादा ९.५ अँपिअर. केबल प्लगपाशीच वाकवली, विशेषतः ओळीच्या लांबीच्या दिशेने आडवी, की प्लग सॉकेटमध्ये किंचित तिरका होतो. एका कडेच्या पिना घट्ट बसतात, दुसऱ्या कडेच्या जेमतेम टेकतात. टेकलेल्या पिनेचा रोध वाढतो आणि तिच्या वाटचा करंट बाकीच्यांवर जातो. बहुतेक कार्डांत या सहाही पिना आत लगेच एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे कुठली पिन किती ओढतेय हे कार्डाला कळत नाही.

तुमच्या ३०० वॅटला पिनेमागे ४.२ अँपिअर येतात. दोन पिना निकामी झाल्या तरी उरलेल्यांवर सव्वासहा, म्हणजे मर्यादेच्या आत. ५७५ वॅटच्या ५०९० ला मात्र आठ अँपिअर आधीच असतात, एक पिन सुटली की ९.६ होतात. तुमच्या हातात सवड आहे ती अशी. पण अर्धवट टेकलेली पिन स्वतःच तापते, म्हणून ती सवड काचेच्या दाबात घालवू नका.

प्लगच्या मागच्या कडेपासून ३५ मिलिमीटर केबल सरळ गेली पाहिजे, वळण त्यानंतर. काच काढून पट्टीने मोजा. प्लगच्या मागून काचेपर्यंत तेवढी जागा नसेल तर हा अडॅप्टर त्या कॅबिनेटमध्ये बसवू नका. काच कायमची काढून ठेवणं हा आपल्याकडे उपाय नाही, पावसाळ्यात खारी दमट हवा आणि पाली थेट आत येतात. आधी तुमच्या एसएमपीएसच्या कंपनीकडे त्याच मॉडेलसाठी सोळा पिनांची थेट केबल मिळते का विचारा, ३०० वॅट किंवा जास्तीची. ती बारीक आणि नरम असते, अडॅप्टरचा जाड गठ्ठा जातो आणि शेपट्यांचा प्रश्नही मिटतो. जुन्या मॉडेलला ती मिळाली नाही किंवा तिलाही जागा पुरली नाही, तर रुंद कॅबिनेट घ्या. नव्वद अंशात वळणारे छोटे अडॅप्टर मी बसवत नाही. त्यातला एक प्रकार तापून वितळतो म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेत परत मागवावा लागला होता.

बसवताना प्लग कार्ड स्लॉटमध्ये घालण्याआधी टेबलावरच लावा, तिथे जोर सरळ देता येतो. खटक्याचा आवाज येईलच असं नाही, म्हणून बाजूने टॉर्च मारून बघा: प्लग आणि सॉकेटमध्ये फट दिसता कामा नये. मग हलकेच मागे ओढून बघा, हलला नाही तर खटका बसलाय. २०२२ साली ४०९० चे प्लग वितळले तेव्हा एनव्हिडियानेही पूर्ण न बसलेला प्लग हेच मुख्य कारण सांगितलं होतं. सुधारित सॉकेटमध्ये खुणेच्या पिना आखूड केल्यात, म्हणजे प्लग अर्धवट असला तर कार्ड सुरूच होऊ नये. फट बघायचं काम त्याने संपत नाही, कारण तिरका प्लग तेवढ्याने पकडला जाईलच असं नाही.

एकदा बसला की उगाच काढघाल करू नका, हा कनेक्टर साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला आहे. पावसाळ्यानंतर धूळ झाडायची तर प्लग लावलेलाच ठेवून झाडा. पिनांवर गंज सोडवायचा स्प्रे किंवा तेल अजिबात नको.

पहिल्या दिवशी अर्धा तास रेंडर चालू ठेवून HWiNFO हे सॉफ्टवेअर उघडा. कार्डाच्या यादीत 16-pin नावाची व्होल्टेजची ओळ दिसली तर रिकाम्या वेळचा आणि रेंडरमधला आकडा लिहून ठेवा. भाराखाली थोडा उतरणारच, पण काही महिन्यांनी त्याच कामाला आणखी खाली गेलेला दिसला तर जोड बिघडतोय. मशीन बंद करून, वायर काढून, प्लग तेव्हा मात्र उघडून बघा.