वळण कुणाच्याच मालकीचं नसतं, फाइल असते

*पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डिझाइनचं काम आहे. एका गणेश मंडळाने जुनी लग्नपत्रिका दाखवून अहवालासाठी तशीच अक्षरं मागितली. काही अक्षरं मी पत्रिका स्कॅन करून काढली. जोडाक्षरं मात्र मित्राकडच्या टीटीएफ फाइलमधून उचलली आणि सगळ्याचा नवा फॉन्ट करून दिला. आता फॉन्ट कंपनीची नोटीस आली आहे. मी काय करू?*

तुमचं काम दोन तुकड्यांत पाहावं लागेल, कारण कायदा दोन्हींकडे वेगळ्या नजरेने बघतो.

पत्रिकेवरून काढलेल्या अक्षरांबाबत तुमची बाजू बरी आहे. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये अक्षरवळणाला स्वतंत्र संरक्षण नाही आणि कॉपीराइट बोर्डाने 2002 मध्ये ‘आनंद एक्सपांडेड इटालिक्स’ प्रकरणात टाइपफेसची, म्हणजे अशाच अक्षरवळणाची, नोंदणी नाकारली होती. अर्थात बोर्ड म्हणजे सर्वोच्च न्यायालय नव्हे. समोरचा वकील वाद घालू शकतो. शिवाय टाइपफेसची डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी झालेली असू शकते. ती दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षं वाढवता येते, म्हणून तेवढा शोध घ्या. पत्रिकेवरची नावं एखाद्या सुलेखनकाराने हाताने लिहिलेली असतील, तर ती रचना कलाकृती ठरू शकते. ओळखायची खूण सोपी: एकच ‘र’ दोन ठिकाणी तंतोतंत सारखा असेल, तर बहुधा तो फॉन्ट आहे.

खरी अडचण जोडाक्षरांची आहे. फॉन्टची फाइल संगणक प्रोग्रॅम मानली जाते आणि प्रोग्रॅमला कायदा साहित्यकृतीत धरतो. तिच्यात बाह्यरेषेच्या बिंदूंचे आकडे असतात आणि अर्धा ‘क’ ‘ष’ला भेटला की ‘क्ष’ व्हावा, असे नियम `GSUB` तक्त्यात असतात. ते तुम्ही सरळ उचलले. हे पकडणं अवघड नाही: दोन्ही फाइली शेजारी उघडल्या की बिंदूंचे आकडे, ग्लिफची म्हणजे एकेका अक्षराकृतीची नावं, अगदी मूळ कारागिराची चूकसुद्धा जुळते. फॉन्टचं नाव बदलून हे झाकत नाही. मित्राने फॉन्ट विकत घेतला असला, तरी त्याचा परवाना तुम्हाला लागू होईलच असं नाही.

मंडळाला दिलेली फाइल लगेच परत मागवा आणि वापर थांबवा. पण तुमच्याकडचे स्कॅन आणि तारीखवार कामाच्या फाइली पुसू नका. पहिला अर्धा भाग तुमचाच आहे, हे त्यांवरूनच दाखवता येईल. ‘सगळं मीच काढलं’ असं उत्तरात लिहू नका, ते एका तुलनेत कोसळेल. मुदतीच्या आत वकिलामार्फत मोजकं उत्तर द्या आणि परवाना घेऊन मिटवता येतं का, तेही विचारा. जोडाक्षरं मंडळाला हवीच असतील, तर ती फाइल न उघडता, छापील नमुना समोर ठेवून कागदावर नव्याने काढा.