सिंकखालचं कपाट ओलं: ट्रॅप की कनेक्शन पाइप?

प्लंबरला बोलवण्याआधी एवढं करून बघा. कपाट रिकामं करून सगळं कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि अर्धा तास नळ अजिबात उघडू नका. नळ बंद असतानाही त्याला पाणी पुरवणाऱ्या जाळीच्या कनेक्शन पाइपमध्ये पाण्याचा दाब असतोच. त्यामुळे कागद भिजला तर संशय पाइपवर किंवा त्याच्या जोडांवर. पाणीही स्वच्छ, बिनवासाचं असेल.

कागद कोरडाच राहिला तर सिंकला बूच लावून ते अर्धं भरा आणि एकदम सोडा. आता ट्रॅपच्या, म्हणजे सिंकमधून सांडपाणी नेणाऱ्या नळीतल्या पाणी अडवून धरणाऱ्या भागाच्या नटापाशी कोरडा टिश्यू फिरवा. तेलकट, वास मारणारा थेंब दिसला तर नट उघडून वॉशर नीट बसवा, फाटला असेल तर बदला.

पाइप तपासताना मात्र टिश्यू वरून खाली फिरवा, कारण वरच्या जोडातलं पाणी जाळीवरून ओघळून भलतीकडेच टपकतं. जाळीच्या तारा तुटल्यात, गंज आलाय किंवा टोकापाशी फुगवटा आलाय? लगेच पाइपला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा आणि पाइप नवाच घाला. त्यावर टेप गुंडाळू नका, दाबापुढे ती टिकत नाही.